"सबमिट होत नाही" एवढ्यानं भागत नाही

आमच्या यवतमाळकडच्या ट्रान्स्क्रिप्शन सेंटरवर लाइन गेली की वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जावं लागतं. परवाच्या शिफ्टमध्ये त्यानंतर Submit दाबलं की हिरवी टिक यायची, पण पूर्ण कामांचा आकडा ४१ वरून हलेना.

डेव्हलपरला ही अडचण कळवण्याआधी मुद्दाम तीनदा करून पाहिलं: टास्क उघडायचा, दोन ओळी टाइप करायच्या, नेट बदलायचं, पान रिफ्रेश न करता Submit. तिन्ही वेळा तेच. नेट न बदलता तीनदा केलं, तर एकदाही अडचण आली नाही. ही तुलना रिपोर्टमध्ये हवीच. डेव्हलपरची निम्मी शोधाशोध तिथंच वाचते. सोबत टास्क आयडी, ब्राउझरची आवृत्ती आणि नेमकी वेळ. "सेशन तुटत असावं" हा आपला अंदाज, तो वेगळ्या ओळीत. परिणाम मोजून लिहा: चौघांची ११ कामं गेली, आणि आमचे पैसे कामामागे मिळतात.

टीमच्या ग्रुपवर एवढी लांबण नको. मी टाकलं ते असं: "नेट बदललं तर मजकूर आधी नोटपॅडमध्ये कॉपी करा, मग F5, पेस्ट, Submit. आकडा वाढला का बघा. कॉपी न करता F5 दाबलं तर टाइप केलेलं सारं जाईल." क्लायंटचा मजकूर आहे, म्हणून नोटपॅडमधला मजकूर पुसून, सेव्ह न करता ते बंद करायचं.