वेगवान, रुंद आणि अनियमित ईसीजी: व्हेरापामिल देण्याआधी या चुका टाळा

तेवीस वर्षांचा मुलगा. कबड्डीच्या सरावानंतर रात्री छातीत जोरात धडधड सुरू झाली म्हणून एका लहान रुग्णालयात आला. रक्तदाब 100/60, ठोके मिनिटाला 230 च्या आसपास. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी 'एसव्हीटी' असं निदान करून 5 मिलिग्रॅम व्हेरापामिल शिरेतून दिलं. दोन मिनिटांत मुलाची शुद्ध गेली आणि मॉनिटरवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन दिसू लागलं. शॉक लगेच दिला म्हणून तो वाचला. नंतर त्याची सगळी कागदपत्रं माझ्यापुढे आली आणि दिसलं की चूक त्या रात्रीच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती.

पहिली चूक: डेल्टा वेव्हला जुना अटॅक समजणं

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत सहा महिन्यांपूर्वी काढलेल्या ईसीजीवर मशीनने 'जुना इन्फिरिअर इन्फार्क्ट' असं छापलं होतं. बाविशीतल्या मुलाला अटॅक? कुणी पीआर अंतर मोजलंच नव्हतं. ते अडीच लहान चौकोन, म्हणजे 100 मिलिसेकंद होतं. तीन चौकोनांपेक्षा कमी पीआर आणि क्यूआरएसची सुरुवात तिरकी, घरंगळल्यासारखी, ही डेल्टा वेव्हची खूण.

एरवी विद्युत आवेग कर्णिकेतून जवनिकेत जाताना एव्ही नोडपाशी थोडा थांबतो. या मुलात कर्णिका-जवनिकांमध्ये स्नायूचा एक जास्तीचा धागा जन्मतःच राहिला होता, म्हणजे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोम. त्यातून आवेग न थांबता उतरतो आणि जवनिकेचा काही भाग आधीच आकुंचन पावू लागतो. धागा हृदयाच्या मागच्या-खालच्या पडद्याजवळ असल्याने लीड II, III आणि aVF मध्ये डेल्टा उलटी पडली. मशीनला ती क्यू वेव्ह वाटली.

दुसरी चूक, आणि सगळ्यात घातक

या रुग्णांची नेहमीची धडधड बहुधा नियमित आणि अरुंद क्यूआरएसची असते. आवेग नोडमधून खाली आणि धाग्यातून वर असा गरगरत राहतो. या चक्राचा एक दुवा नोड असल्याने नोडला क्षणभर रोखलं की चक्र तुटतं. जोर करून कुंथायला लावणं आणि मग ॲडेनोसिन तिथे योग्यच. फक्त डिफिब्रिलेटर जवळ हवा.

त्या रात्री मात्र कर्णिकेत एट्रियल फिब्रिलेशन होतं. पट्टीवर तीन गोष्टी स्पष्ट होत्या: ठोके फार वेगवान, अंतर अनियमित आणि क्यूआरएस रुंद, शिवाय प्रत्येक ठोक्यात त्याची रुंदी थोडी बदलत होती. कारण प्रत्येक ठोक्यात नोड आणि धागा यांचा वाटा वेगळा असतो. दोन ठोक्यांमधलं सर्वांत कमी अंतर एक मोठा चौकोन, 200 मिलिसेकंद होतं. 250 किंवा त्याहून कमी असेल तर धागा कर्णिकेतला गोंधळ थेट जवनिकेपर्यंत पोचवू शकतो.

व्हेरापामिल धाग्याला जवळजवळ अडवत नाही. ते नोड मंदावतं. नोडमधून खाली गेलेले आवेग धाग्यात उलटे शिरून त्याला अधूनमधून गुंतवून ठेवत असतात. तो अडसर दूर होतो. वर रक्तदाब पडतो, ॲड्रेनॅलिन वाढतं आणि धागा अधिकच वेगाने वाहू लागतो. डिगॉक्सिन, डिल्टियाझेम, बीटा ब्लॉकर, ॲडेनोसिन हीसुद्धा इथे टाळा. शिरेतून अमिओडारोनही नको.

रुग्ण घाबरा झाला असेल, रक्तदाब पडत असेल तर गुंगी देऊन सिंक्रोनाइज्ड शॉक द्या. तो स्थिर असेल आणि प्रोकेनामाइड किंवा इब्युटिलाइड हाताशी असेल तर तो पर्याय आहे. नसेल तर शॉकच. माझ्या मते शंका आली तरी हाच सुरक्षित मार्ग.

ॲब्लेशन आणि त्यानंतरचा गैरसमज

1991 मध्ये ओक्लाहोमातल्या जॅकमन यांच्या गटाने 166 पैकी 164 रुग्णांचे असे धागे कॅथेटरने निकामी केल्याचं प्रसिद्ध केलं. या मुलाचंही तसंच झालं. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर नेले आणि जवनिकेतली सर्वांत लवकरची हालचाल कुठे दिसते ते शोधलं. जागा कोरोनरी सायनसच्या तोंडाजवळ सापडली. रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता सुरू केल्यावर चौथ्या सेकंदाला डेल्टा नाहीशी झाली, पीआर लांबला. तरी मिनिटभर उष्णता दिली, मग अर्धा तास वाट पाहिली, कारण भाजलेली सूज उतरल्यावर धागा पुन्हा जागा होऊ शकतो. पडद्याजवळच्या धाग्यात नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा थोडा धोका असतो. तो आई-वडिलांना आधीच सांगितला होता.

दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीत II, III, aVF मध्ये टी वेव्ह उलट्या होत्या. एका सहकाऱ्याला वाटलं रक्तपुरवठा अडला, त्याने अँजिओग्राफी सुचवली. मुलाला वेदना नव्हती, ट्रोपोनिन ॲब्लेशननंतर थोडं वाढतंच. ज्या लीडमध्ये आधी डेल्टा उलटी होती त्याच लीडमध्ये टी वेव्ह उलटी होती. इतकी वर्षं वेगळ्या क्रमाने आकुंचन पावलेला स्नायू पूर्ववत व्हायला काही दिवस ते आठवडे घेतो. याला कार्डियाक मेमरी म्हणतात. अँजिओग्राफी केली नाही. सहा आठवड्यांनी टी वेव्ह सरळ झाल्या होत्या, पीआर साडेतीन चौकोन होता.