अ‍ॅबनॉर्मल गेन: नॉर्मल लॉस खात्यात उरलेले १०० रुपये

लक्षण: प्रोसेस खातं जुळतं, पण नॉर्मल लॉस खात्यात १०० रुपये डेबिट शिल्लक राहतात. वैताग येतो, कारण बेरजा बरोबर असतात.

माल १,००० किलो, एकूण खर्च ४५,५०० रुपये. नॉर्मल लॉस १०%, भंगाराचा दर किलोला ५ रुपये. उत्पादन ९२० किलो, म्हणजे गेन २० किलो.

आधी खर्चातून ८० किलो भंगाराचेच ४०० वजा करून ९२० ने भागलं. शिल्लक गेली, पण दर ४९.०२ आला आणि गेन खर्चातच लपला.

जमलं ते असं. आधी दर: (४५,५०० − ५००) ÷ ९०० = ५० रुपये. प्रोसेस खात्यात नॉर्मल लॉस पूर्ण १०० किलोचाच, ५०० रुपये क्रेडिट. तयार माल ४६,००० क्रेडिट. अ‍ॅबनॉर्मल गेन २० × ५० = १,००० डेबिट. दोन्ही बाजू ४६,५००.

मग नॉर्मल लॉस खातं: ५०० डेबिट, रोख ४०० क्रेडिट, कारण विकायला भंगार ८० किलोच होतं. उरलेले १०० अ‍ॅबनॉर्मल गेन खात्यातून क्रेडिट करायचे, दर भंगाराचा, ५० चा नव्हे. गेन खात्यात तेच १०० डेबिट पडतात आणि उरलेले ९०० कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात जातात.