ग्रेड ‘ए’ म्हणजे फक्त काच चकचकीत

मागच्या महिन्यात भाच्यासोबत एम. जी. रोडला जुना आयफोन १२ घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, “ए ग्रेड आहे, काका, एकही ओरखडा नाही.” खरंच नव्हता. पण ग्रेड बहुतेकदा फक्त बाहेरच्या रूपाची असते, बॅटरीची नाही. शिवाय ए, बी, सी यांचं एकच ठरलेलं माप नसतं. प्रत्येक विक्रेत्याचं आपापलं.

‘युज्ड’ म्हणजे आहे तसा फोन. ‘रिफर्बिश्ड’ किंवा ‘रिन्यूड’ म्हणजे तपासून, गरजेप्रमाणे भाग बदलून दिलेला. म्हणून तिथे पहिला प्रश्न हाच: काय बदललं आणि कुठला भाग टाकला? आम्ही Settings > General > About उघडलं. बॅटरीसमोर Unknown Part दिसलं, म्हणजे ती कंपनीची अस्सल असल्याची खात्री नव्हती. आम्ही तो फोन तिथेच ठेवला.

दुसऱ्या फोनची बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता, ८७ टक्के होती. *#06# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक, मिळवला. KYM, मग जागा सोडून तो क्रमांक लिहून 14422 या सरकारी नंबरवर एसएमएस केला. चोरीचा, ब्लॉक केलेला असता तर तिथेच कळलं असतं.

वॉरंटी मात्र तोंडी घेऊ नका. ‘चेकिंग वॉरंटी’ म्हणजे बहुतेकदा चार-आठ दिवस. रिफर्बिश्डला किमान सहा महिने मागा आणि बिलावर आयएमईआय, मुदत, ‘बॅटरी व डिस्प्लेसह’ एवढं लिहून घ्या. आमच्या दुकानदाराने आधी कुरकुर केली, मग लिहून शिक्का मारला.