गॅबियनच्या पेट्या किती, डबर किती ब्रास?

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीची, दगडाने भरलेली पेटी. अंदाजपत्रकात 'गॅबियन भिंत, घनमीटर' अशी एक ओळ असते आणि खाणवाल्याशी बोलणं होतं ते ब्रासमध्ये. साइटवर नव्याने आलेली मुलं बहुतेक वेळा या दोन मापांच्या मध्येच अडकतात. म्हणून एका ओढ्याचं गणित सुरुवातीपासून मांडतो.

वळणावर ओढ्याचा बाहेरचा काठ २० मीटर तुटला आहे. तळापासून काठ अडीच मीटर उंच. तुटलं तेवढंच बांधलं, तर पुढच्या पुरात पाणी भिंतीच्या टोकामागून शिरतं आणि मागची माती घेऊन जातं. म्हणून दोन्ही टोकं शाबूत काठात दोन-दोन मीटर घुसवायची. लांबी झाली २४ मीटर. पाया तळाखाली अर्धा मीटर घेतला, की उंची ३ मीटर, म्हणजे एकेक मीटरचे तीन थर.

खालचा थर २ मीटर रुंद. २×१×१ च्या पेट्या आडव्या, म्हणजे लांब बाजू काठात जाईल अशा ठेवायच्या. दर मीटरला एक, म्हणून २४. मधला थर दीड मीटर रुंद, १.५×१×१ च्या २४ पेट्या. वरचा थर १ मीटर रुंद. इथे २×१×१ ची पेटी काठाच्या लांबीने टाकायची, म्हणून १२ पुरतात. आकारमान ४८ + ३६ + २४ = १०८ घनमीटर.

एवढ्यावर थांबू नका. वळणावर पाणी भिंतीच्या पायाशीच खड्डा पाडतं. तो साधारण दीड मीटर जाईल असं धरलं, तर भिंतीपुढे त्याच्या दुप्पट, म्हणजे ३ मीटर रुंदीची गादी, म्हणजे दगड भरलेली चपटी जाळीची पेटी लागते. खड्डा पडला की ती वाकून खाली बसते, पाया उघडा पडत नाही. ३×२×०.३ च्या १२ गाद्या, २१.६ घनमीटर. सगळं मिळून १२९.६.

वळणाची एक गंमत लक्षात ठेवा. मोजमाप दर्शनी बाजूने घ्यायचं. वळणाची त्रिज्या ३० मीटर असेल, तर २ मीटर खोल पेट्यांच्या मागे प्रत्येक जोडाला सहा-सात सेंटिमीटरची फट उघडते. मागची माती अडवणारं जियोटेक्स्टाइल कापड लावायच्या आधी ती दगडाने भरून घ्या. कापड तसंच टाकलं, तर ते फटीत खेचलं जाऊन फाटतं आणि माती तिथूनच गळू लागते.

आता दगड. भरलेल्या पेटीत ३० ते ३५ टक्के पोकळी असते, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. मग कोणीतरी १२९.६ ला ०.६७ ने गुणतं आणि ८७ घनमीटर, म्हणजे ३१ ब्रास डबर मागवतं. अर्ध्यापेक्षा थोडं जास्त काम होतं आणि दगड संपतो. कारण ट्रकमधला ब्रासही पोकळीसकटच मोजलेला असतो, आणि ओतलेल्या ढिगात पोकळी रचलेल्या दगडापेक्षा जास्तच, ४० टक्क्यांच्या पुढे. म्हणून पेटीच्या आकारमानातून काही वजा करायचं नाही. उलट १५ टक्के वाढवायचं. १२९.६ चे १४९ घनमीटर होतात. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणजे साधारण ५३ ब्रास.

त्यातही दोन मागण्या वेगळ्या द्या. पेटीच्या १०×१२ सेंटिमीटर जाळीसाठी १५ ते २५ सेंटिमीटरचा डबर ४४ ब्रास, गादीच्या बारीक जाळीसाठी १० ते १५ सेंटिमीटरचा ९ ब्रास. ओढ्यातलेच गोटे वापरू, असं कोणीतरी म्हणतंच. गोटे एकमेकांत अडकत नाहीत, पेटीचं पोट फुगतं. शिवाय तळ उपसला की पाया आपणच उघडा केला. खाणीचा पक्का काळा दगडच घ्या.

भरताना एक तृतीयांश उंचीला थांबून समोरची आणि मागची जाळी आतून तारेने ओढून घ्यायची, दोन तृतीयांशला पुन्हा. दर्शनी दगड हाताने रचायचा. वर तीन-चार सेंटिमीटर जास्त भरून मग झाकण आवळायचं, कारण दगड नंतर बसतोच.

शेवटची तपासणी वजनकाट्याच्या पावत्यांवर होते. काळा दगड घनमीटरला सुमारे २.८ टन धरला आणि पोकळी ३३ टक्के ठेवली, तर या कामात जवळपास २४५ टन दगड जायला हवा. पेट्या काठोकाठ दिसतायत आणि पावत्यांतून साइटवर उरलेला ढीग वजा केला की बेरीज २०० टनच येतेय, तर आत ४५ टक्के पोकळी आहे. म्हणजे मशीनने दगड ओतलाय, रचलेला नाही. अशा वेळी बिलावर सही करायच्या आधी दोन-तीन झाकणं उघडायला लावा.