नदीपलीकडची सोसायटी जवळ नसते : डिलिव्हरीचा मार्ग आखताना या चुका टाळा

पुण्यात कर्वेनगरच्या नदीकाठच्या एखाद्या गच्चीवरून समोर बघा. मुठेपलीकडच्या सिंहगड रस्त्याच्या इमारती अगदी हाताला लागतील अशा वाटतात. हवाई अंतर जेमतेम एक किलोमीटर. पण तिकडे जायचं तर आधी राजाराम पूल गाठायचा आणि पलीकडून पुन्हा मागे यायचं. मी या भागातल्या किराणा डिलिव्हरीचे मार्ग आखतो. आमचे सगळ्यात वाईट मार्ग याच एका किलोमीटरने तयार केले होते.

चार सोसायट्या घेऊन बघू. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. क आणि ख कर्वेनगरच्या बाजूला, ग आणि घ सिंहगड रस्त्याच्या बाजूला. ग ही क च्या बरोबर समोर आहे, घ ही ख च्या समोर, आणि ख–घ ही जोडी पुलाच्या जवळची. गोदाम कर्वे पुतळ्यापाशी आहे, आणि शेवटची पिशवी दिली की रायडर गोदामात न परतता घरी जातो. हवाई अंतरं अशी: समोरासमोर एक किलोमीटर, एकाच काठावरच्या दोन सोसायट्यांमध्ये 1.4 किलोमीटर. या आकड्यांवर थांब्यांचा क्रम लावणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, गोदाम–क–ग–घ–ख असा क्रम देतो. त्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे, कारण नदी दोनदा ओलांडणं त्याला काठाकाठाने जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता रस्त्याची अंतरं घाला. गोदाम ते क 2.4 किलोमीटर, क ते ग पुलावरून 6.2, ग ते घ 1.7, घ ते ख 3.1. बेरीज 13.4. तेच गोदाम–क–ख–घ–ग असं गेलं तर 2.4, 1.8, 3.1 आणि 1.7, म्हणजे फक्त 9 किलोमीटर. पिशव्या त्याच, रायडर तोच. काही जण हवाई अंतराला 1.3 किंवा 1.4 ने गुणून काम भागवतात. त्याने एकूण किलोमीटरचा अंदाज बरा येतो, पण क्रम तसूभरही बदलत नाही, कारण सगळेच आकडे एकाच पटीत वाढतात. नदी, रेल्वेमार्ग, कॅन्टोन्मेंटची भिंत या गोष्टी काही जोड्यांनाच आडव्या येतात, सगळ्यांना नाही.

म्हणून आधी रस्त्यांवरून काढलेला तक्ता हवा: प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी किती वेळ, किती अंतर. आम्ही OpenStreetMap च्या नकाशावर रस्त्याची अंतरं काढणारा OSRM हा प्रोग्राम चालवतो आणि क्रम VROOM या सॉल्व्हरकडून लावून घेतो. तक्ता असा मागवतात:

```
curl "http://localhost:5000/table/v1/driving/73.8170,18.4866;73.8220,18.4780?annotations=duration,distance"
```

इथे आधी 73 आहे, मग 18. म्हणजे रेखांश आधी, अक्षांश नंतर. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पिनमध्ये, आणि बहुतेक एक्सेल यादीत, क्रम उलटा असतो. तसाच चिकटवला तर पुण्याची सोसायटी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. खरी अडचण अशी की OSRM तक्रार करत नाही. त्रिज्येची मर्यादा दिली नसेल तर तो प्रत्येक बिंदू आपल्या नकाशातल्या सर्वांत जवळच्या रस्त्यावर आणून ठेवतो. समुद्रातले सगळे बिंदू मग नकाशाच्या कडेच्या एकाच रस्त्यावर गोळा होतात. तक्त्यात जवळपास सगळीकडे शून्य दिसलं की पहिला संशय हाच घ्या.

बिंदू रस्त्यावर आणून ठेवण्याच्या या पायरीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि रोजचा त्रास तिथूनच होतो. पिन सोसायटीच्या मधोमध असतो, गेट असतं पुढच्या गल्लीत, आणि पिनला जवळचा रस्ता निघतो मागच्या भिंतीपलीकडचा. रायडर भिंतीपाशी उभा राहतो आणि वॉचमनला फोन लावतो. उत्तरात `sources` खाली प्रत्येक बिंदूचं `distance` येतं. मूळ पिन आणि रस्त्यावरची जागा यांत किती मीटर अंतर पडलं, ते त्यात कळतं. मी 40 मीटरच्या वरचे सगळे बिंदू रोज वेगळे काढतो आणि पिन हाताने गेटवर सरकवतो. हा आकडा माझ्या भागातल्या अनुभवाचा आहे. तुमच्याकडे इमारती विरळ असतील तर तो वाढवा. पण भिंतीची चूक 15 मीटरवरही होते, म्हणून रायडरने "गेट इकडे नाही" म्हटलं की त्याच दिवशी पिन दुरुस्त झालाच पाहिजे.

दुभाजकाच्या रस्त्यावर आणखी एक पेच आहे. दुकान डाव्या हाताला, पण मार्ग उजव्या बाजूने येतो. नकाशावर अंतर शून्य, प्रत्यक्षात पुढच्या यू-टर्नपर्यंत फेरा. OSRM ला `approaches` मध्ये प्रत्येक ठिकाणासाठी `curb` सांगता येतं, म्हणजे तो दुकानाच्या बाजूनेच पोहोचतो. त्यासाठी प्रोफाइलमध्ये, म्हणजे वाहनाचे नियम लिहिलेल्या फाइलमध्ये, `left_hand_driving` खरं आहे ना, ते आधी बघा. ते राहून गेलं तर सगळे थांबे नेमके चुकीच्या बाजूला येतील.

वेळ वाचवायला तक्ता अर्धाच मागवून उरलेला आरशासारखा भरणं ही चूक मी स्वतः केली आहे. वन-वे असलेल्या भागात अ ते ब चार मिनिटं आणि ब ते अ नऊ मिनिटं हे सहज होतं. पूर्णच मागवा. ठिकाणं 100 च्या वर गेली आणि `TooBig` आलं, तर ती सर्व्हरची ठरावीक मर्यादा आहे. आपला सर्व्हर `--max-table-size` वाढवून चालवता येतो.

VROOM मध्ये दोन गोष्टी तपासा. वाहनाला `end` दिलं तर तो परतीचा प्रवासही धरतो. आमच्यासारखा रायडर परत येत नसेल तर ते लिहूच नका, कारण वरचा 9 किलोमीटरचा क्रम परतीच्या हिशेबात वेगळाही ठरू शकतो. दुसरं `service`, म्हणजे दारात जाणारा वेळ, सेकंदांत. लिफ्ट, गेटवरची नोंद, सुटे पैसे यांत चार मिनिटं सहज जातात, म्हणून 240. ते शून्य ठेवलं तर 30 थांब्यांच्या फेरीत दोन तास हिशेबातून गळतात, आणि सातच्या आत माल द्यायचा ग्राहक कागदावर वेळेत असतो, प्रत्यक्षात नाही.

संध्याकाळच्या गर्दीसाठी सगळे वेळ सरसकट दीडपट केले तर पोहोचण्याची वेळ जास्त खरी होते. पण वेळेची बंधनं नसतील तर क्रम तोच राहतो, हवाई अंतराच्या गुणाकारासारखाच. OSRM ला चालू वाहतूक आपोआप कळत नाही. त्याच्यासोबत येणारी प्रोफाइल मोटार, सायकल आणि पायी यांची आहेत, स्कूटरचं नाही. अरुंद बोळातून जाणाऱ्या रायडरला मोटारीचा तक्ता उगाच लांबून फिरवतो. आम्ही मोटारीच्या प्रोफाइलची प्रत काढून त्यात बदल केले.

सनसिटी ते कर्वेनगर असा नवा पूल महापालिकेने बांधायला घेतला. असा पूल वाहतुकीला खुला झाला की क ते ग हे 6.2 किलोमीटर एका दिवसात आटोपशीर होतात, पण तुमच्या सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. नकाशाची नवी फाइल उतरवून `osrm-extract` पासून सगळं पुन्हा चालवावं लागतं. त्यानंतर पहिल्यांदा तीच चार ठिकाणं टाकून बघा: गोदाम–क–ग–घ–ख हा क्रम, जो आज चुकीचा आहे, त्या दिवशी बरोबर ठरू शकतो.