मृगाआधी चारीचा उतार मोजा: एक अंश म्हणजे एक टक्का नव्हे

पुणे जिल्ह्यात मे अखेरीला सगळीकडे जेसीबी फिरत असतात. चाऱ्या उकरल्या जातात, पाणंद रस्ते सारखे केले जातात. वळवाची एखादी जोरदार सर झाली की त्यातली निम्मी कामं उघडी पडतात. दरवर्षी नुकसान एकाच कारणाने होताना पाहतो: उतार मोजलेलाच नसतो. किंवा मोजलेला असतो मोबाईलवर, अंशांत, आणि काम होतं टक्क्यांत. मृगाला थोडेच दिवस उरलेत, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे वाचा.

टक्का म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात किती मीटर उतरलो. अंश म्हणजे कोन. दोन्हीचं नातं असं: मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर कोनाचं tan काढा आणि १०० ने गुणा. आधी `DEG` निवडलेलं आहे ना ते बघा. ४५ चं tan बरोबर १ आलं पाहिजे. नाही आलं तर कॅल्क्युलेटर `RAD` वर आहे आणि पुढचे सगळे आकडे फुकट. शेतात उभ्या उभ्या हिशोब करायचा तर अंशाला पावणेदोनने गुणा, टक्के मिळतात. १ अंश म्हणजे १.७५ टक्के, ५ अंश म्हणजे पावणेनऊ टक्के, १० अंश म्हणजे १७.६ टक्के. त्याच्या पुढे हा ढोबळ हिशोब कमी पडत जातो. ३० अंशांचे ५७.७ टक्के होतात, आणि ४५ अंशांचे शंभर.

आता पुरंदरच्या बाजूचं एक ठरावीक चित्र घ्या. विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत १२० मीटरची मातीची चारी काढायची आहे. मोबाईल जमिनीवर ठेवला, १ अंश दाखवला. शेतकरी म्हणतो, "एक टक्काच तर आहे, काढून टाक सरळ." प्रत्यक्षात जमीन १२० मीटरमध्ये १.२ मीटर नाही, २.१ मीटर उतरते. मातीच्या चारीला उतार लागतो साधारण ०.१ ते ०.३ टक्के. म्हणजे जास्तीत जास्त ०.३ टक्क्याने १२० मीटरला फक्त ३६ सेंटिमीटर.

फरक किती पडतो? तळ ३० सेंटिमीटर, पाण्याची खोली २० सेंटिमीटर आणि काठ तिरपे, अशा चारीत ०.३ टक्क्यावर पाणी सेकंदाला अर्धा मीटर चालतं. पोयट्याच्या जमिनीला ते सोसतं. तीच चारी १.७५ टक्क्यांवर काढली तर वेग सव्वा मीटरवर जातो. रेताड पोयटा ०.६ मीटरच्या पुढे सुटायला लागतो, चांगली चिकण काळी माती फार तर ०.९ पर्यंत तग धरते. पुढचं सांगायला नको.

बिघाड सुरू झाला की ओळखू येतो. चारीच्या तळात एके ठिकाणी वीतभर उंचीची उभी पायरी पडते. ती प्रत्येक पाण्याबरोबर वरच्या अंगाला सरकत जाते आणि खालच्या टोकाला, नेमकी पिकाच्या तोंडाशी, वाळू साचते. वाळू उपसून उपयोग नाही, वर पायरी चालूच राहते.

या अवस्थेत दुकानदार येऊन अस्तराचा कागद नाहीतर अर्धगोल पाईप गळ्यात मारतो. पाणी झिरपून जात असेल तर अस्तराला अर्थ आहे. पण उतार चुकला असेल तर कागदाखालून पाणी शिरून सगळं गुंडाळून वाहून जातं. आधी उतार, मग खिशाला हात.

उरलेले १७४ सेंटिमीटर कुठे जिरवायचे? जागा असेल तर चारी उताराला आडवी, वळसा घेऊन न्या. नसेल तर पायऱ्या करा. १२० मीटरचे २० मीटरचे सहा टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्यात तळ ६ सेंटिमीटर उतरेल आणि टप्प्याच्या शेवटी २९ सेंटिमीटरची दगडी पायरी येईल. सहा वेळा ३५, झाले २१० सेंटिमीटर. पायरीचे दगड दोन्ही काठांत फूटभर आत घुसवा, नाहीतर पाणी बगलेने वाट काढतं. पायरीखाली दगडांची फरसबंदी हवी. माझ्या अंदाजाने पाऊण मीटर लांब पुरते, मुरमाड जमिनीत थोडी कमी चालेल.

जेसीबीवाल्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. प्रत्येक टप्प्याच्या वरच्या टोकाला चारी खालच्या टोकापेक्षा २९ सेंटिमीटर जास्त खोल दिसणार आहे. त्याला ते वेडंवाकडं वाटतं आणि तो हौसेने "सारखं" करून देतो. म्हणून खुंट्या आधी ठोका आणि खोली खुंटीवर लिहा.

मोजायला मोबाईल नको. ०.३ टक्का म्हणजे ०.१७ अंश, मोबाईल जरा खड्यावर बसला तरी त्याहून जास्त चुकतो. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, २० मीटरहून थोडी लांब. दोन सारख्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा, नळीची टोकं त्यांना बांधा, पाणी भरून बुडबुडे पूर्ण काढा. काठ्या २० मीटरवर उभ्या करा. खालच्या काठीवर पाणी जमिनीपासून जितकं जास्त उंच दिसेल तितका उतार. चारीच्या तळात ६ सेंटिमीटर फरक आला की ०.३ टक्का झाला. दहा-दहा मीटरवर मोजू नका; तिथे एका सेंटिमीटरची चूक म्हणजे ०.१ टक्क्याचा घोळ.

पाणी सोडल्यावर पडताळा. १० मीटरवर खुणा करून वाळकी काडी सोडा. १३ सेकंदांच्या आत पोचली तर रेताड जमिनीत धोका. २७ सेकंदांहून जास्त लागले तर गाळ बसणार.

चारीची बाकी कामं:
- गवत, झुडपं काढणे
- खेकड्यांची बिळं बुजवणे
- मोरीचं तोंड मोकळं करणे
- उकरलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकणे

पाणंद रस्त्यातही हीच गफलत, फक्त उलट्या बाजूने. "दहाचा चढ" म्हटलं की विचारा, अंश की टक्के? सपाट आणि उंचसखल मुलखातल्या रस्त्याला ठरलेला चढ ३.३ टक्के, अडचण असेल तर ५, आणि अगदीच नाइलाज असेल तिथे थोड्या लांबीपुरता ६.७. अंशांत बोलायचं तर ५ टक्के म्हणजे तीनहून किंचित कमी. सहा मीटर चढायचे असतील तर ५ टक्क्यांनी १२० मीटर रस्ता लागतो, १० अंशांनी अवघे ३४ मीटर. जागा वाचते म्हणून ठेकेदार दुसरा पर्याय सुचवतो. पावसात उसाची भरलेली ट्रॉली तिथे मागे घसरते. माती घट्ट करणारं औषध शिंपडून हा चढ कमी होत नाही, वळण वाढवावं लागतं.

रस्ता अगदी सपाटही नको. ३ मीटर रुंद मातीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ४ टक्के. मुळशी, मावळच्या पावसाला साडेसात सेंटिमीटर धरा. कडेच्या चरीला किमान अर्धा टक्का उतार ठेवा. चढाच्या पायथ्याशी ही चर रस्त्याखालून मोरीने पलीकडे काढा आणि तिचं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर न सोडता ओढ्यापर्यंत न्या.