पासवर्ड बदलला, तरी घुसखोर आतच? गूगल खातं साफ करताना या चुका टाळा

खात्यात कुणीतरी शिरल्याचा संशय आला की आपण घाईघाईने पासवर्ड बदलतो आणि प्रकरण मिटलं असं समजतो. पण पासवर्ड बदलल्याने सगळी दारं बंद होत नाहीत.

समजा, पीडीएफ जोडण्यासाठी तुम्ही कधीतरी एक ॲप वापरलं आणि त्याला ड्राइव्ह बघायची परवानगी दिली. त्या क्षणी ॲपला एक टोकन, म्हणजे आत येण्याचा डिजिटल पास मिळाला. पुढे ते ॲप तुमच्या पासवर्डशिवाय, त्या टोकनवरच आत येतं. पासवर्ड बदलला की जीमेलची परवानगी असलेली टोकनं गूगल रद्द करतं, पण नुसत्या ड्राइव्हची किंवा कॉन्टॅक्ट्सची टोकनं तशीच चालू राहू शकतात. ती हातानेच काढावी लागतात. myaccount.google.com/connections उघडा, एकेका ॲपवर टॅप करून त्याला नेमकं काय दिसतं ते वाचा आणि ओळख पटत नसेल तर परवानगी काढून टाका. नाव ओळखीचं वाटतं म्हणून सोडून देऊ नका. फसवी ॲप्स मुद्दाम साधीसुधी नावं घेतात. आणि परवानगी काढली तरी आधीच उतरवून घेतलेल्या फाइल्स परत येत नाहीत. त्यामुळे ड्राइव्हमध्ये ओळखपत्रं किंवा पासवर्डची यादी ठेवली असेल, तर ती उघड झाली असं धरूनच पुढचं पाऊल उचला.

डिव्हाइसची यादी myaccount.google.com/device-activity इथे मिळते. इथे लोक हमखास गावाच्या नावावर अडकतात. ते ठिकाण आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे तुमचाच फोन भलत्या शहरात दिसू शकतो. एकच लॅपटॉप दोन-तीनदा दिसला तरी लगेच घाबरू नका, प्रत्येक ब्राउझरचं लॉगिन वेगळं धरलं जातं. डिव्हाइसचा प्रकार, ब्राउझर आणि वेळ जुळते का ते बघा. अनोळखी नोंदीचा आधी स्क्रीनशॉट घ्या, मग साइन आउट करा. नंतर बँकेत किंवा पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

जीमेलच्या सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तर फार थोडे जण तपासतात. बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा किंवा परक्या पत्त्यावर पाठवणारा फिल्टर पासवर्ड बदलला तरी हलत नाही. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत ना, हेही गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये बघून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती क्रमाची चूक. कॉम्प्युटरमध्ये माहिती चोरणारं मालवेअर असेल तर ते ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी उचलतं, आणि चालू लॉगिनची कुकी हाती आली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलला तर नवाही त्याच्या हाती जाण्याची भीती असते. म्हणून ही सगळी कामं दुसऱ्या, खात्रीच्या डिव्हाइसवरून करा आणि संशयित कॉम्प्युटर तोवर नेटपासून तोडून ठेवा. तो साफ करून पुन्हा जोडल्यावर दोन-चार दिवस डिव्हाइसची यादी बघत राहा. काढलेलं अनोळखी लॉगिन परत उगवलं, तर मालवेअर अजून गेलेलं नसण्याची शक्यता मोठी. मग कॉम्प्युटर फॉरमॅट करून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकावी लागेल.